कथा 'शेवटचा नंबर': ठवकर साहेबांनी तारखा बदलल्या, बरोबर केलं का?

लेखक_हिंगणा

छोटी कथा लिहिली आहे, गाभा खाली देतो. शेवटावर घरातच दोन तट पडले, म्हणून इथे विचारतोय.

हिंगणा एमआयडीसीतला पंपाचा कारखाना. ठवकर साहेब परचेस मॅनेजर. नवीन ईआरपी लागून तिमाही उलटली आणि पहिलं व्हेंडर स्कोअरकार्ड निघालं. फ्लँज मशीन करून देणाऱ्या नऊ सप्लायरांत बोंद्रेभाऊ नववे. तेच बोंद्रेभाऊ, ज्यांना रात्री दहाला फोन केला तरी "पाठवतो ना जी साहेब" म्हणतात. डायरेक्टर म्हणाले, "तुमचा हुकमी एक्का तर सगळ्यांत खाली आहे ठवकर. पुढच्या महिन्यापासून त्याचं काम कमी करा."

ठवकरांनी एकेक ऑर्डर उघडली. तिमाहीत 18 ऑर्डरी, त्यातल्या 13 लेट. एक बघा: पुण्याच्या सप्लायरचा ट्रक आला नाही, असेंब्ली थांबली, मंगळवारी दुपारी बोंद्रेंना फोन केला. बुधवारी सकाळी साडेआठला ऑटोतून 60 फ्लँज गेटवर. पण क्लार्कने ऑर्डर मंगळवारी केली आणि माल हवा ती तारीखही मंगळवारचीच टाकली. स्कोअरकार्डवर एक दिवस लेट. अशा तातडीच्या 11. आणि ज्याचा ट्रक आला नव्हता तो पुणेवाला दुसऱ्या नंबरवर!

त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर ठवकर त्या 11 ऑर्डरींच्या तारखा बदलतात, रिपोर्ट पुन्हा काढतात. बोंद्रे तिसरे. प्रिंट डायरेक्टरच्या टेबलावर ठेवून घरी जातात.

ठवकरांनी खोटं केलं की खोटं दुरुस्त केलं?

सीताबर्डीचा_सुभाष

दुरुस्तच केलं ना भाऊ! कॉम्प्युटरले काय समजते मशीन बंद पडली म्हणजे काय होते ते? ही सगळी सिस्टीम रेट पाहून मार्क देते. बोंद्रे महाग असंल म्हणून खाली गेला. आमच्या कंपनीत असंच झालं, स्वस्तवाले वर अन् कामाचे खाली. रेटचं वजन काढून टाका, बोंद्रे आपोआप वर येते.

ऑडिटवाली_धरमपेठ

सुभाषदादा, कथेत रेटचा विषयच नाही. तारखांचा आहे.

माझं मत सरळ आहे. माल आल्यावर, जीआरएन म्हणजे स्टोअरची माल मिळाल्याची नोंद झाल्यावर, मार्क कमी पडल्यावर, एकट्याने बसून आणि एकाच सप्लायरच्या ऑर्डरींच्या तारखा बदलणं म्हणजे रेकॉर्डमध्ये फेरफार. हेतू कितीही चांगला असो. ईआरपीत प्रत्येक बदलाची नोंद राहते: कुणी, कधी, जुनी किंमत काय, नवी काय. उद्या ऑडिटरने ती यादी काढली तर त्याला काय दिसेल? परचेस मॅनेजर, आवडता सप्लायर, ऑफिस सुटल्यानंतरची वेळ, 11 बदल. यापुढे कुणी 60 फ्लँजांची गोष्ट ऐकून घेणार नाही. पुढचा प्रश्न असेल, या 11 ऑर्डरींना दुसरं कोटेशन घेतलं होतं का? तातडीत घेतलं नसणारच. मग रेट कुणी ठरवला?

लेखक म्हणून तुम्ही ठवकरांना फार सहज घरी पाठवलं.

बुटीबोरी_मटेरियल्स

बरीच वर्षं परचेस आणि स्टोअर्स दोन्ही सांभाळलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

मॅडमचं बरोबर आहे, पण कथेतली खरी गंमत पुणेवाल्यात आहे आणि ती लेखकाने एका वाक्यात उडवली. ट्रक न आलेला माणूस दुसऱ्या नंबरवर कसा? असा. मोठ्या सप्लायरकडे डिस्पॅचला एक मुलगी किंवा मुलगा बसलेला असतो. उशीर होणार दिसला की तो मेल टाकतो, "कृपया सुधारित तारीख 18 करावी." इकडचा क्लार्क मेल पाहतो आणि ऑर्डरमध्ये 10 ची 18 करतो. माल 17 ला येतो. सिस्टीमच्या हिशेबी एक दिवस लवकर! बोंद्रे जन्मात मेल टाकत नाही, तो फोनवर बोलतो, आणि फोनवर ठरलेलं ऑर्डरमध्ये चढत नाही. म्हणजे तारखा सगळ्यांच्याच बदलत होत्या. पुणेवाल्याच्या दिवसाढवळ्या बदलल्या, बोंद्रेच्या रात्री.

सॅपमध्ये यासाठीच एकाच ओळीवर दोन तारखा असतात. एक डिलिव्हरीची, जी प्लॅनिंगसाठी पुढेमागे होते. दुसरी `Stat. Del. Date`, जिच्यावर मार्क मोजतात. सप्लायरमुळे उशीर झाला तर पहिली सरकवायची, दुसरी तशीच ठेवायची. आपणच आपल्या सोयीने तारीख बदलली तर दोन्ही. क्लार्कला हा फरक कुणी सांगितलेला नसतो, तो दोन्ही बदलून मोकळा होतो. कथेतली ईआरपी कुठलीही असो, पहिली ठरलेली तारीख जपून ठेवली नसेल तर डिलिव्हरीच्या मार्कांतून एवढंच कळतं की कोण छान मेल लिहितो.

आता आकडे मांडून पाहू, नाहीतर चर्चा हवेत राहील. समजा डिलिव्हरीला 40, क्वालिटीला 40, रेटला 20. बोंद्रे 18 पैकी 5 वेळेवर, म्हणजे 40 पैकी 11. क्वालिटीत एकही रिजेक्शन नाही, पूर्ण 40. रेटमध्ये 12 धरू. बेरीज 63. ठवकरांनी 11 ऑर्डरी वेळेवर दाखवल्या की 18 पैकी 16, म्हणजे 40 पैकी साधारण 36, बेरीज 88. माझ्या मते दोन्ही आकडे चूक. ज्या ऑर्डरीत ऑर्डरचा दिवस आणि माल हवा तो दिवस एकच, ती वेळेवरही नाही आणि लेटही नाही. ती मोजणीतून बाहेर काढून वेगळी लिहायची. मग उरतात 7, त्यातल्या 5 वेळेवर, 40 पैकी साधारण 29, बेरीज 81.

मानेवाडा_क्यूसी

काका, तो क्वालिटीचा पूर्ण 40 तुम्ही इतक्या सहज कसा दिला?

मी इनवर्ड इन्स्पेक्शनला आहे. असे हाकेच्या अंतरावरचे सप्लायर मला चांगले माहीत आहेत. माल येतो, बोअर गेज लावला की चार पीस मोठे निघतात. नियमाने रिजेक्शन नोट करायची. होतं काय? वरून परचेसचा फोन, "नोट नको करू बेटा, मी बोलतो त्याच्याशी." तासाभरात बोंद्रेंचा माणूस ॲक्टिव्हावर चार पीस घेऊन हजर, खराब चार डिक्कीत टाकून परत. कागदावर काहीच घडलेलं नसतं. पुण्याच्या मालात तेच चार निघाले तर नोट होते, कारण तिथून ॲक्टिव्हावर कुणी येत नाही.

म्हणजे फोनवरच्या व्यवहारामुळे बोंद्रेंचे डिलिव्हरीचे मार्क गेले असतील, तर त्याच फोनमुळे क्वालिटीचे फुकट मिळालेही असतील. 18 लॉटपैकी दोनदा जरी असं झालं असेल तरी 40 चे 36 च्या खाली जातात. ठवकर एकच बाजू दुरुस्त करतात. म्हणून मी त्यांच्या बाजूने नाही.

लेखक_हिंगणा

ॲक्टिव्हाचा प्रसंग कथेत घेऊ का? परवानगी असेल तर.

ऑडिटवाली ताई, ठवकर पैसे खाणारा माणूस नाही, हे मला ठाम ठेवायचं आहे. तो संशय आला की कथा वेगळ्याच वळणाला जाते.

मानेवाडा_क्यूसी

घ्या की. फक्त गेज लावणारी मुलगी ठेवा, मुलगा नको.

वर्कशॉपवाला

मीच बोंद्रे समजा. हिंगण्यातच आहे, तीन लेथ अन् एक व्हीएमसी. तुमी सगळे मार्काचं बोलून राहिले, माह्या पैशाचं कोणी बोलत नाही.

शनिवारी संध्याकाळी सहाला माल गेटवर देतो. गेटवाला शिक्का मारते. स्टोअर पाचलेच बंद. जीआरएन होते सोमवारी, कधी मंगळवारी. अन् अकाउंटवाले पेमेंटचे दिवस जीआरएनपासून मोजते. कायद्यात 45 दिवसाच्या वर उधारी ठेवता येत नाही म्हणते, मंग हे दोन-तीन दिवस कोणाचे? तारखा बदलाच्या असतील तर ह्या बदला ना साहेब.

ऑडिटवाली_धरमपेठ

दादा, प्रश्न वेगळा आहे पण तुमचा मुद्दा पक्का आहे. एमएसएमई कायद्यात मोजणी माल प्रत्यक्ष मिळाल्यापासून आहे, त्यांच्या जीआरएनपासून नाही. मालाबद्दल त्यांनी 15 दिवसांत लेखी हरकत घेतली तरच ती हरकत मिटल्याच्या दिवसापासून. आणि 45 दिवस हे लेखी करार असेल तर. करारच नसेल तर 15. उद्यम नोंदणी असेल तर नंबर बिलावर छापा आणि गेटच्या शिक्क्याची चलन फाइलला लावून ठेवा. 2023-24 पासून सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. अकाउंटवाल्यांना ही भाषा लवकर कळते.

सीताबर्डीचा_सुभाष

तेच तर! गेटची तारीख धरा, सगळा प्रश्न मिटते. उरलेल्या 7 मधल्या दोन लेट आहेत ना काकांच्या, त्या अशाच शनिवारच्या असतील.

बुटीबोरी_मटेरियल्स

शक्य आहे. तसं असेल तर डिलिव्हरीत पूर्ण 40. आता तुम्ही मुद्द्यावर आलात. पण सगळा मिटत नाही. गेटवर अर्धाच माल आला तरी शिक्का पडतो. 500 ची ऑर्डर, 200 आले, वेळेवर म्हणायचं का? म्हणून तारीख गेटची आणि नग स्टोअरने मोजलेले, असं दोन्ही धरावं लागतं.

क्यूसीवाल्या ताईंचं मात्र मान्य. तो 40 मी डोळे झाकून दिला नसता तर बरं होतं.

तरी ठवकर खोटे, हे मला पटत नाही. डायरेक्टरसमोर प्रिंट ठेवण्याआधी त्यांनी एक कागद लिहायला हवा होता: या 11 ऑर्डरी कुणाच्या उशिरामुळे निघाल्या, त्या दिवशी असेंब्ली किती तास थांबली असती. मग पुणेवाल्याचा दुसरा नंबर डायरेक्टरनेच खोडला असता.

ऑडिटवाली_धरमपेठ

आणि तो कागद लिहिला असता तर तारखा बदलायची गरजच नव्हती. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात.

बुटीबोरी_मटेरियल्स

नाही आलो. तुम्ही त्यांना फेरफार करणारा म्हणता, मी घाई करणारा म्हणतो.

वर्कशॉपवाला

एक विचारतो लेखक साहेब. तुमच्या गोष्टीत बोंद्रेले त्याचं स्कोअरकार्ड कोणी दाखवलं का? मले आजवर एकाही कंपनीनं नाही दाखवलं. काम कमी झालं की समजते.

लेखक_हिंगणा

नाही दाखवलं. दाखवल्यावर तो काय म्हणेल, हे सुचत नव्हतं. तुम्ही काय म्हणाल?

वर्कशॉपवाला

पहिले विचारीन, मंगळवारी दुपारी सांगितलेला माल मंगळवारीच पाहिजे होता हे मले मंगळवारी काऊन नाही सांगितलं?