अकाउंटचं रीजन बदललं तेव्हा काय गेलं, काय राहिलं? आपापले अनुभव सांगा

परतलेला_दुबईकर

सहा वर्षं दुबईत काढून गेल्या दिवाळीत कायमचा कोल्हापूरला आलो. सामान आलं, गॅसचं कनेक्शन झालं, रेशनकार्डावर नाव चढलं, पण गेम विकत घ्यायचं माझं स्टीमचं अकाउंट मात्र अजून दुबईतच राहत होतं. किमती दिरहममध्ये, वॉलेटमध्ये ८३ दिरहम पडलेले, आणि पैसे भरायला गेलं की यूपीआयचा पर्यायच दिसेना. मला वाटलं, भारतात बसून लॉगिन केलं की आपोआप बदलेल. तसं होत नाही.

शेवटी जमलं ते असं. एक स्वस्तातला गेम कार्टमध्ये टाकला. स्टीमला कळलं होतं की मी वेगळ्या देशातून आलोय, त्यामुळे तिथेच देश निवडायची यादी दिसली. भारत निवडल्यावर किंमत रुपयांत आली. मग वॉलेटला हात न लावता यूपीआयने पैसे भरले. खरी किल्ली हीच होती. ज्या देशात जायचं, त्या देशाच्या पेमेंटने एक खरेदी पुरी व्हावी लागते. ती झाल्यावर ८३ दिरहमचे साधारण १,९०० रुपये होऊन वॉलेटमध्ये दिसले. लायब्ररीतला एकही गेम हलला नाही, सेव्हही जसेच्या तसे.

एक गोष्ट मात्र अंगलट आली. माझी बहीण अजून दुबईतच आहे आणि एकमेकांचे गेम खेळायला आम्ही दोघं एकाच स्टीम फॅमिलीत होतो. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी तुमचं काय काय झालं ते सांगा. स्टीमच पाहिजे असं नाही.

शाहूपुरी_स्नायपर

भावा, एवढा खटाटोप कशाला केलास? व्हीपीएन लावायचा, स्टोअरचा देश टर्की करायचा, निम्म्या किमतीत गेम घ्यायचा. मी २०२२ ला केलंय. आणि तू म्हणतोस ते खरंय, गेम कुठं जात नाहीत. लई भारी पडतं.

राजारामपुरी_लॅन

स्नायपर, तुझं निम्मं बरोबर आहे. लायब्ररी टिकते, हे खरं. पण टर्कीची मजा २० नोव्हेंबर २०२३ ला संपली. त्या दिवसापासून टर्की आणि अर्जेंटिना दोन्हीकडे स्टीमच्या किमती डॉलरमध्ये झाल्या. आता तिथं जाऊन तुला लिरा दिसणारच नाही. शिवाय व्हीपीएनने देश लपवणं स्टीमच्या करारातच मना आहे, अकाउंटवर बंधन आलं तर दाद मागायला तोंड राहत नाही. आणि देश तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो. म्हणजे टर्कीत गेलास आणि दुसऱ्या दिवशी यूपीआयने काही घ्यायचं ठरवलंस, तर बस तीन महिने रंकाळ्यावर भेळ खात.

मी दहा-बारा वर्षं गेमिंगचा कॅफे चालवतो, रोज कुणीतरी हाच गुंता घेऊन येतो. लोक तीन गोष्टी एकच समजतात. स्टोअरचा देश म्हणजे तू कुठल्या पैशात आणि कुठल्या कार्डाने खरेदी करतोस ते. डाउनलोडचं रीजन म्हणजे गेमची फाइल कुठल्या सर्व्हरवरून उतरते ते. आणि खेळायचा सर्व्हर हा गेमच्या आत ठरतो. पहिल्याचा तिसऱ्याशी काही संबंध नाही. परवा एक पोरगा आला, म्हणाला, स्टोअर भारताचं केलं तरी डोटा गेममध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, १९० का? बघितलं तर मॅचमेकिंगच्या यादीत फक्त दुबईवर टिक होती. भारतावर टिक केली, पिंग तिशीत आला. स्टोअर दुबईचंच ठेवलं असतं तरी हेच झालं असतं.

सौ_मंगळवारपेठ

मला हा विषय नीट कळला का माहीत नाही, पण माझी तक्रार सांगते. मुलगा जर्मनीत असतो. त्यानं मला आयपॅड पाठवला, त्यात त्याचंच जर्मनीचं अकाउंट. आमच्या बँकेचं ॲप शोधलं तर सापडेचना. सेटिंगमध्ये जाऊन रीजन भारत केलं. तारीख आणि पैशांची चिन्हं बदलली, ॲप काही आलं नाही! हे रीजन आणि तुमचं रीजन एकच ना?

राजारामपुरी_लॅन

नाही काकू. ते फक्त तारखा-आकडे कसे दाखवायचे ते ठरवतं. ॲप स्टोअरचा देश ॲपल अकाउंटवर असतो आणि तो वेगळा बदलावा लागतो. त्याआधी दोन गोष्टी मोकळ्या कराव्या लागतात. खात्यातली शिल्लक संपवायची आणि चालू सबस्क्रिप्शन रद्द करून त्याची मुदत पूर्ण होऊ द्यायची. नुसतं रद्द करून चालत नाही, मुदत उलटावी लागते.

सौ_मंगळवारपेठ

अगं बाई, म्हणून अडलं! मुलानं चित्रं काढायच्या ॲपचं वर्षाचं भरलंय, अजून सात महिने आहेत.

राजारामपुरी_लॅन

मग देश बदलायच्या भानगडीत पडूच नका. भारताचं एक नवीन ॲपल अकाउंट काढा आणि सेटिंगमध्ये फक्त 'Media & Purchases' ला ते लावा. आयक्लाउड, फोटो सगळं मुलाच्या अकाउंटवर तसंच राहतं, बँकेचं ॲप नव्यावरून उतरतं. पुढं अपडेट करताना एखादं जुनं ॲप मुलाचा पासवर्ड मागेल, तेवढं सांभाळायचं.

कसबा_बावडा_एक्सप्रेस

माझा किस्सा गूगल प्लेचा, आणि चूक शंभर टक्के माझी. दोन महिन्यांच्या कामाला अबुधाबीत गेलो होतो. तिथलं एक डिलिव्हरीचं ॲप भारतातल्या स्टोअरमध्ये दिसत नव्हतं. सेटिंगमध्ये देश बदलायचा पर्याय दिसला, तिथलं कार्ड होतं, दाबलं. खाली लिहिलं होतं की पुन्हा वर्षभर बदलता येणार नाही. वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही.

परत आलो तेव्हा तिथलं कार्ड बंद झालेलं. स्टोअर दिरहम मागतंय, माझ्या भारतीय शिलकीतले ६४० रुपये समोरच्या घरात अडकलेल्या पतंगासारखे, आहेत पण हाताला येत नाहीत. विकत घेतलेली ॲप्स चालत होती, ते गेलं नाही. पण नवीन काही घ्यायचं तर दहा महिने थांबणं. शेवटी वर्ष भरल्यावर भारत केलं आणि ६४० जसेच्या तसे परत दिसले. त्या दिवशी फडतरेंकडे मिसळ खाल्ली. जे थोड्या दिवसांसाठी बाहेर जातायत त्यांनी त्या देशाचं दुसरं गूगल अकाउंट काढून फोनमध्ये जोडावं, मूळ अकाउंटला हात लावू नये.

प्लेस्टेशनवाला_पाटील

तुमच्यात निदान बदलता तरी येतं. सोनीच्या अकाउंटचा देश एकदा निवडला की निवडला. बदलायचा पर्यायच नाही. माझं अकाउंट ओमानचं, त्यावर चाळीसेक गेम. भारतातलं गिफ्ट कार्ड त्यावर चालत नाही.

मी नवीन भारतीय अकाउंट काढलं आणि दोन्ही एकाच पीएस-५ वर ठेवली. ओमानच्या अकाउंटवर 'Console Sharing and Offline Play' चालू केलं, म्हणजे त्याचे गेम भारतीय अकाउंटवरूनही खेळता येतात. ट्रॉफ्या मात्र नव्यानं, आणि सेव्हही नवीन. एक चटका बसला तो सांगतो. ओमानवरून घेतलेल्या गेमचा जोडभाग मी भारतीय अकाउंटवरून घेतला. पैसे गेले, भाग डाउनलोड झाला, गेमला दिसेना. गेम आणि जोडभाग एकाच रीजनचा लागतो हे तेव्हा समजलं.

ताराराणी_तुफान

माझं सर्व्हरचं दुखणं. गेन्शिन इम्पॅक्ट मी मामाकडे शारजात सुट्टीला असताना चालू केला आणि युरोप सर्व्हर निवडला. कॉलेजमधल्या सगळ्या मैत्रिणी आशियावर. मला वाटलं, इथं आल्यावर बदलेन. त्या गेममध्ये लॉगिनच्या पडद्यावर सर्व्हर बदलता येतो, पण बदललं की समोर कोरी पाटी! अकाउंट तेच, पण प्रत्येक सर्व्हरवर वेगळं पात्र, वेगळी प्रगती. एकावरचं दुसऱ्यावर नेता येत नाही. विकत घेतलेले क्रिस्टलही युरोपवरच राहिले. स्टोअरचा देश भारत करून काही फरक पडेल का म्हणून तेही करून बघितलं. शून्य.

आता युरोपवर एकटीच खेळते आणि आशियावर मैत्रिणींसोबत पहिल्यापासून. आई म्हणते, दोन शाळांत नाव घातलंय का तुझं.

शाहूपुरी_स्नायपर

लॅन दादा, एक विचारतो. डोटात भारत सर्व्हरला माझा पिंग दुपारी २५ आणि रात्री नऊनंतर ९०. सिंगापूर मात्र कायम ७०. मग रात्री सिंगापूरच टिक करू का? रात्री भारतावर मॅचही पटकन मिळत नाही.

राजारामपुरी_लॅन

मॅच पटकन मिळायचं कारण सोपं आहे, सिंगापूरच्या, म्हणजे आग्नेय आशियाच्या सर्व्हरवर माणसं जास्त. दोन्हीवर टिक ठेवलीस तर जिथं आधी जुळेल तिथं जाशील. पण रात्रीच ९० का होतो, हे अंतरावरून सुटत नाही. सर्व्हर काही रात्री लांब जात नाही. तुझ्या भागातल्या इंटरनेटवाल्याची लाइन गर्दीच्या वेळी भरते, नाहीतर तुझा डेटा वेगळ्या वाटेनं फिरतो. वायर लावून सलग तीन रात्री आकडे लिहून ठेव, मग त्याला फोन कर. माझ्याही कॅफेत एका कनेक्शनला असंच होतं, कारण अजून सापडलं नाही.

परतलेला_दुबईकर

फॅमिलीचं राहिलं होतं ते लिहितो. स्टीम फॅमिली एका घरातल्या माणसांसाठी असते. मी भारतात आलो, बहीण तिकडे, म्हणून दोघांचा देश जुळेना. मी बाहेर पडलो आणि इथं धाकट्या भावाच्या फॅमिलीत जायला गेलो. तिथं कळलं की आधीच्या फॅमिलीत ज्या दिवशी आलो, तिथून एक वर्ष पुरं झाल्याशिवाय दुसऱ्या फॅमिलीत शिरता येत नाही. बहिणीसोबतच्या फॅमिलीत मी जूनमध्ये आलो होतो, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत भावाला माझे गेम नाहीत. देश बदलायच्या आधी जून येऊ दिला असता तर ही वेळ आली नसती. त्याच्या परीक्षा मार्चमध्ये आहेत, आई खूश आहे.

पाटील, त्या जोडभागाचे पैसे परत मागितलेस का? मिळाले तर इथं लिही.

प्लेस्टेशनवाला_पाटील

मागितलेत. उत्तर आलं की सांगतो.