पिंट्याच्या आधारची तारीख (आमच्या घरच्या ग्रुपवरचं बोलणं)

शुक्रवार, रात्री

आत्या: दादा, पिंट्याच्या आधारचा स्कॅन टाकलाय बघ. त्यावर 01/01/2004 आहे, ते 19/08/2003 कर की. तुझ्या दुकानात रोज असली कामं असतात. सोमवारी चाकणच्या कंपनीत कागद अपलोड करायचेत, आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी तारीख जुळत नाही म्हणतायत.

दादा: आत्या, पहिल्यांदा तो फोटो ग्रुपमधून सगळ्यांसाठी डिलीट कर. बारा आकडी नंबर उघडा दिसतोय आणि ग्रुपवर आपण चाळीस जण आहोत. तारीख मात्र मी बदलणार नाही. राग मानू नकोस, पण हे काम मी कुणाचंच करत नाही.

आत्या: डिलीट केला. पण अरे, खोटं कुठं करायचंय? खरी तारीखच तर घालायला सांगतेय. चूक आपल्या पोराची नव्हेच.

दादा: तारीख खरी आहे हे मला ठाऊक आहे. पिंट्या झाला त्या दिवशी कराडच्या दवाखान्यात डबा घेऊन मीच आलो होतो. पण मी हात लावला की कागद खोटा होतो. सरकारने जे छापलंच नाही ते छापलंय असं त्यावर दिसणार. भारतीय न्याय संहितेत कलम 336 बनावट दस्तऐवजाचं आहे, आणि असा कागद खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम 340 लागतं. म्हणजे बनवणारा मी आणि अपलोड करणारा पिंट्या, दोघंही अडकणार. पोराची पहिली नोकरी आहे, आत्या.

काका: एवढं कोण बघतंय? एचआरवाले नुसती फाईल लावून टाकतात.

दादा: काका, माणसाने बघायची गरजच नाही. आधारवर तो मोठा चौकोनी क्यूआर असतो ना, त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं असतं, आणि त्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. वरचा आकडा मी कितीही सफाईने बदलला तरी क्यूआर स्कॅन केला की 01/01/2004 च येणार. आतला मजकूर बदलायला गेलं तर सही जुळत नाही. शिवाय पीएफचा यूएएन आधारच्या नोंदीवरूनच निघतो. स्कॅनवर एक आणि नोंदीत दुसरी तारीख आली की कंपनीला तिथंच कळणार.

पिंट्या: दादा, मग आता काय करू? सोमवारपर्यंत तर होणार नाही.

दादा: आधार सोमवारपर्यंत होणार नाही, पण एचआरला सांगणं सोमवारच्या आत होईल. उद्या सकाळीच खरं ते मेलवर लिही. आधारवर तारीख चुकीची आहे, दहावीच्या प्रमाणपत्रावर बरोबर आहे, दुरुस्तीचा अर्ज केला की पावती पाठवतो, असं. प्रमाणपत्र जोड. तुझ्या वयाच्या पोरांची ही अडचण त्यांना नवी नसते.

वहिनी: पण ही एक जानेवारी आली कुठून?

काका: शाळेत शिबिर लागलं होतं. पिंट्या सात वर्षांचा असेल. हातात दाखला नव्हता, तिथं कुणीतरी वर्ष अंदाजाने सांगितलं. आपल्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस आधारवर एक जानेवारीलाच येतो.

दादा: बरोबर काका. आणि म्हणूनच आता घाई नको. आधारमध्ये जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलून मिळते. त्यानंतर पुन्हा चूक निघाली तर ते काम साध्या केंद्रावर होत नाही, यूआयडीएआयच्या विभागीय कार्यालयापर्यंत जावं लागतं. त्यामुळे आधी ठरवायचं की कुठली तारीख कायम धरायची. पिंट्या, तुझ्याकडचे सगळे कागद काढ आणि प्रत्येकावरची तारीख नि नाव इथे नुसतं लिही. फोटो टाकू नकोस.

शनिवार

पिंट्या: दहावी प्रमाणपत्र: 19/08/2003, नाव पूर्ण. शाळा सोडल्याचा दाखला: तेच. पॅन: 01/01/2004, आधारवरूनच काढलं होतं. जन्म दाखला: 19/08/2003, पण नावाची जागा रिकामी आहे.

आत्या: बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली होती ना. मग तो दाखला चालेल का?

दादा: त्यावर पिंट्याचं नावच नाही, मग तो त्याचाच कशावरून? तसा नेला तर अर्ज नाकारला जातो. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं असते, आपण राहतो तिथं नाही. म्हणजे सांगली महापालिकेत नको, कराड नगरपरिषदेत जाऊन त्यावर नाव अजून चढवता येतं का ते विचारावं लागेल. ते काम आत्या तू कर, पुढं पासपोर्टला उपयोगी पडेल. आत्ता दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र न्यायचं. त्यावर नाव आधारसारखंच आहे का, अक्षर न् अक्षर बघ.

पिंट्या: आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, प्रमाणपत्रावर आडनाव आधी आहे. स्पेलिंग तेच.

दादा: क्रम वेगळा असला तरी शब्द तेच आहेत, तरी ऑपरेटरला आधीच दाखव. `uidai.gov.in` वर वेळ घे. मूळ प्रमाणपत्र ने, ते स्कॅन करून तिथंच परत देतात. झेरॉक्स चालत नाही. बोटाचा ठसा लागतो, त्यामुळे तुलाच जावं लागेल, आत्याला पाठवू नकोस. फी 75 रुपये आहे. सप्टेंबर 2025 पर्यंत 50 होती, त्यामुळे जास्त घेतले म्हणून भांडत बसू नकोस. पण 75 च्या वर कुणी मागितले तर पावतीवरचा आकडा दाखव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ऐक. सबमिट करायच्या आधी ऑपरेटरचा स्क्रीन वळवून घे आणि दिवस, महिना, वर्ष मोठ्याने वाच. माझ्या दुकानात पुनःपुन्हा येणारे बहुतेक जण इथंच चुकलेले असतात. एका आकड्याच्या चुकीवर एकदाची संधी वाया जाते.

मंगळवार

पिंट्या: झालं दादा. स्क्रीन वाचला, त्याने 2003 च्या जागी 2004 च ठेवलं होतं! बदलून घेतलं. पावती मिळाली. एचआरने पावती आणि प्रमाणपत्र घेतलं, आधार आल्यावर द्या म्हणाले. रुजू व्हायला सांगितलंय.

आत्या: देवा! मी तर पोराला गप्प बसून जा म्हणणार होते.

दादा: पावतीवरचा नावनोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ जपून ठेव, त्यावरच स्थिती कळते. साधारण महिन्याभरात होतं. नाकारलं तर कारण लिहिलेलं असतं. बऱ्याचदा स्कॅन अस्पष्ट असतो नाहीतर नाव जुळत नाही. तेवढं नीट करून पुन्हा अर्ज करता येतो. काही अडलं तर 1947 ला फोन कर. आणि पुण्याला गेलास तरी हरकत नाही, कुठल्याही केंद्रावर काम होतं. आधार हातात आल्यावर पॅनचीही दुरुस्ती कर, तोवर पॅन राहू दे.

25 दिवसांनी

पिंट्या: दादा, ई-आधार डाउनलोड केलं पण फाईल उघडत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतंय. नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि 2004, तेच टाकतोय.

दादा: 2003 टाकून बघ.

पिंट्या: उघडली.