‘तारखा दुरुस्त केल्या’ एवढं टिपणात पुरेल?

> ‘साफ केलेल्या शीटसोबत टिपण देताना "तारखा दुरुस्त केल्या" एवढं लिहिलं तर पुरत नाही का?’

नाही पुरत. हडपसरच्या सर्वेक्षणाची १,२४० ओळींची फाईल आमच्याकडे आली होती. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा लिहिलेल्या, पण फाईल उघडली ती अमेरिकन सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये. त्यामुळे 03/04/2023 ची निमूटपणे ४ मार्च झाली आणि 25/04/2023 नुसता मजकूर म्हणून राहिली, कारण २५ वा महिना नसतो. ओळखायची खूण म्हणजे मजकूर डावीकडे चिकटतो, खऱ्या तारखा उजवीकडे, आणि त्या खऱ्या तारखांत १२ च्या पुढचा एकही दिवस सापडत नाही. मी हे सूत्र लावलं:

```
=IF(ISNUMBER(B2),DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

टिपणात मात्र ‘दुरुस्त केल्या’ एवढंच लिहिलं. सहकाऱ्याला वाटलं, अदलाबदल राहिलीच असेल. तिने तेच सूत्र माझ्या साफ स्तंभावर पुन्हा चालवलं. आता सगळ्याच तारखा खऱ्या होत्या, म्हणून २५ एप्रिल २०२३ ची ४ जानेवारी २०२५ झाली. एक्सेल २५ वा महिना नाकारत नाही, पुढच्या वर्षांत ढकलतो. एकही चूक दिसली नाही, आणि ते मला फार लागलं. तेव्हापासून मी लिहिते: मूळ स्तंभ B जसाच्या तसा ठेवला आहे, दुरुस्त तारखा C मध्ये, सूत्र एकदाच B वर चालवलं, ४८८ ओळींत दिवस-महिना उलटवले, ७५२ मजकुरातून बनवल्या, C वर पुन्हा चालवू नये.