यूट्यूबवाल्यांना एडिटिंगचा मेल टाकतोय, सॅम्पल आणि टाइम नेमकं कसं लिहू?

हिंजवडी_फेज३:
नमस्कार मंडळी. दिवसा आयटीत सपोर्ट, रात्री व्हिडिओ एडिटिंग असं चाललंय माझं. गेल्या दोन आठवड्यांत 22 मराठी चॅनलना मेल टाकले, बहुतेक पुण्याच्या आसपासचे, ट्रेकिंगवाले आणि खाण्याचे. एकाचाच रिप्लाय आला, तो पण फक्त "रेट?" मेलमध्ये लिहिलं होतं की मी प्रोफेशनल एडिटर आहे, प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स येतं, एक व्हिडिओ फ्री सॅम्पल करून देईन, 48 तासांत डिलिव्हरी, खाली पोर्टफोलिओची लिंक. नेमकं कुठे चुकतंय? आणि सॅम्पल फ्री द्यावं का नाही?

गाडी_सुसाट:
48 कशाला, 24 लिही भावा. सगळे 48 च लिहितात. आणि सॅम्पल मागायची वाट बघू नको, त्यांचा आलेला व्हिडिओ डाउनलोड कर, झकास इंट्रो लाव, पाठवून दे. डायरेक्ट काम दिसतं.

मऊभात_कुकर:
माझं जेवणाचं चॅनल आहे, 9 हजार सबस्क्रायबर, त्यामुळे असे मेल मला आठवड्याला चार-पाच येतात. खरं सांगू का, "प्रोफेशनल एडिटर" वाचलं की पुढचं वाचतच नाही मी. एकाने असाच माझाच व्हिडिओ डाउनलोड करून पाठवला होता, खाली मराठी सबटायटल टाकलेली, "शिजवून" चं झालं होतं "शजिवून". सगळ्या वेलांट्या एक घर पुढे सरकलेल्या! म्हणजे पाठवायच्या आधी त्याने स्वतः वाचलंच नव्हतं ना. त्यात माझा आवाज आणि खालचं म्युझिक जसंच्या तसं, चित्र उलट धुरकट झालेलं.

टाइमलाइन_काका:
ताईंनी दाखवलंय तिथेच पहिली गोष्ट आहे. आलेल्या व्हिडिओवर एडिटरला करण्यासारखं फार काही उरत नाही. म्युझिक आवाजात मिसळून गेलंय, कापलेला भाग तुझ्याकडे नाही, आणि यूट्यूबने एकदा दाबलेली फाइल तू परत एक्स्पोर्ट केलीस की आणखी बिघडते. सुसाटचं एवढं मात्र बरोबर की त्यांचंच काम दाखवावं. पण त्यासाठी रॉ मागायचं, आणि तेही थोडं.

ट्रेकिंगवाल्याचं उदाहरण घे. समज त्याचा राजगडचा व्हिडिओ आहे आणि 3:40 ते 4:30 मध्ये संजीवनी माचीवरच्या वाऱ्यात त्याचं बोलणं बुडालंय. मेलच्या पहिल्याच ओळीत हे लिही. मग म्हण, या भागाच्या मूळ क्लिप पाठवा, मी 60 ते 90 सेकंद करून दाखवतो. पूर्ण व्हिडिओ नाही! आणि "वारा काढून देतो" असं वचन देऊ नको. क्लिप आली की वेव्हफॉर्म बघ, टोकं सपाट कापल्यासारखी असतील तर तो आवाज माइकमध्येच फाटलाय, तो कुठल्याच फिल्टरने परत येत नाही. तेव्हा तेच वाक्य त्याला घरी मोबाइलवर बोलून पाठवायला सांग आणि वर माचीचे शॉट लाव. हे सुचतं का, तेवढंच त्याला सॅम्पलमधून कळायला हवं.

आता 48 तासांचं. तू नोकरी करून एडिट करतोस, मग रोजचे हातात किती तास?

हिंजवडी_फेज३:
सव्वाआठला घरी, जेवण वगैरे धरून खरे तीनच तास. रविवारी जास्त.

टाइमलाइन_काका:
मग हिशोब कर. 10 मिनिटांचा व्हिडिओ, रॉ 50 मिनिटं, आयफोनवर 4K ला 30 फ्रेमने काढलेलं, मिनिटाला साधारण 170 एमबी, म्हणजे साडेआठ जीबी. त्याच्या घरच्या नेटचा अपलोड 20 एमबीपीएस असेल तर चढायलाच तासभर, मोबाइल डेटावर 5 मिळाला तर पावणेचार तास. त्यानंतर तुझं बघणं आणि निवडणं दीड तास, कट सहा, आवाज आणि सबटायटल तीन, एक्स्पोर्ट करून एकदा पूर्ण बघणं एक. साडेअकरा तास झाले. तुझे तीन तासांप्रमाणे चार रात्री. 48 तास लिहिलंस तर पहिल्याच व्हिडिओला तोंडघशी पडशील. आणि गुरुवारी दिवसभर लाईट नसेल तर काय, ते वेगळंच.

त्यात "48 तास" कधीपासून? त्याने सोमवारी लिंक पाठवली, दोन क्लिप मंगळवारी रात्री चढल्या, तो सोमवारपासून मोजणार आणि तू मंगळवारपासून. भांडण नक्की. म्हणून "सगळं फुटेज आल्यापासून पाचव्या दिवशी रात्री 10 पर्यंत पहिला कट" असं लिही. चार रात्रींवर एक रात्र राखीव. बदल दोनदा, प्रत्येक वेळी त्यांची यादी आल्यापासून एक दिवस. यादी यायला त्यांनी तीन दिवस घेतले तर ते तुझ्या खात्यात नाहीत, हेही साध्या शब्दांत लिही.

मऊभात_कुकर:
हे मला चालेल खरंच. माझा व्हिडिओ शुक्रवारी संध्याकाळी जातो, पाच दिवस म्हणजे पाच दिवस हे आधी कळलं तर मी शनिवारीच शूट करते. उशिरापेक्षा "आज होईल, उद्या होईल" चा त्रास जास्त होतो हो.

गाडी_सुसाट:
पाच दिवस वाचून कोण घेणार काम? शॉर्ट्सवाले तर हसतील.

टाइमलाइन_काका:
शॉर्ट्सवाल्यांना हा मेल पाठवूच नये, त्यांचं गणितच वेगळं.

पेठेतला_पंखा:
16 जीबी रॅमवर हे सगळं चालेल का? घ्यायचा विचार करतोय.

टाइमलाइन_काका:
पंखेराव, त्याचा वेगळा धागा काढा.

चहा_अमृततुल्य:
फ्री सॅम्पलबद्दल माझा अनुभव. गेल्या वर्षी एकाने सॅम्पल म्हणून अख्खा आठ मिनिटांचा करून घेतला, तसाच चॅनलवर टाकला, नंतर माझे मेल बघितलेच नाहीत. तेव्हापासून मी 60 सेकंदांचे पण 300 रुपये घेतो, काम मिळालं तर बिलातून वजा. रिप्लाय कमी येतात हे कबूल, पण येतात ते पैसे द्यायच्या तयारीचे.

टाइमलाइन_काका:
अनोळखी माणसाला पहिल्याच मेलला पैसे मागितलेले मला पटत नाही. 60 सेकंद कोणी चोरून काय करणार?

चहा_अमृततुल्य:
तुमचं नाव झालंय काका, आमचं अजून व्हायचंय.

हिंजवडी_फेज३:
पैशाचं अजून ठरत नाहीये, सध्या फ्रीच ठेवतो. नवीन मेल असा केलाय, बघा जरा:

"नमस्कार. तुमचा राजगडचा व्हिडिओ पाहिला. 3:40 ते 4:30 मध्ये वाऱ्यामुळे माचीची माहिती ऐकू येत नाही. त्या भागाच्या मूळ क्लिप पाठवल्यात तर 90 सेकंदांपर्यंतचा सॅम्पल तीन दिवसांत करून पाठवतो, पैसे नकोत. आवडला तर पुढे 10 मिनिटांच्या व्हिडिओचा पहिला कट सगळं फुटेज मिळाल्यापासून पाचव्या दिवशी रात्री 10 पर्यंत देईन. दोनदा बदल, तुमची यादी आल्यापासून प्रत्येकी एक दिवस, यादी येईपर्यंतचे दिवस यात धरलेले नाहीत. मी नोकरी सांभाळून हे करतो, त्यामुळे महिन्याला चारच व्हिडिओ घेतो. आधीचं एक काम इथे आहे."

असे आज आठ जणांना पाठवतोय, प्रत्येकाचा व्हिडिओ पूर्ण बघून. आठ बघायलाच दोन रात्री गेल्या.

मऊभात_कुकर:
छान झालाय. पण "इथे आहे" च्या लिंकवर मी आत्ता क्लिक केलं, ड्राइव्ह मला ॲक्सेसची परवानगी मागायला सांगतंय. आधीच्या 22 जणांनाही हीच लिंक गेली होती का?

हिंजवडी_फेज३:
अरे देवा. हो.