उत्तर: फेझरमध्ये साइनचा कोन कोणता घ्यावा?

«30cos500t आणि 40sin500t व्होल्टचे दोन स्रोत एकमेकांना पूरक दिशेने, 30 ओहम व 80 मिलिहेन्रीच्या सिरीज शाखेला जोडले आहेत. मला विद्युतधारा cos500t मिळाली, पुस्तकात cos(500t − 106.26°) आहे. आकडा जुळतो, मग कोन का जुळत नाही?»

चूक साइनच्या रूपांतरात आहे. संदर्भ कोसाइनचा धरला की sin500t म्हणजे cos(500t − 90°), त्यामुळे दुसऱ्या स्रोताचा फेझर −j40 होतो. आपण बहुधा तो +j40 घेतला असावा. बेरीज 30 − j40, म्हणजे 50∠−53.13° येते. ωL = 500 × 0.08 = 40 ओहम असल्याने इम्पिडन्स 30 + j40, म्हणजे 50∠53.13° आहे, आणि भागाकार 1∠−106.26° मिळतो.

ही चूक सहज लपते, कारण चिन्ह उलटले तरी बेरजेचे मान 50 च राहते आणि धारा एकूण व्होल्टेजच्या 53.13° मागेच दिसते. म्हणून उत्तर मूळ समीकरणात, Ri + L(di/dt) मध्ये, घालून पाहावे; मात्र केवळ t = 0 ला तपासणे पुरेसे नाही, कारण तेथे दोन्ही उत्तरे 30 व्होल्ट देतात. 500t = 90° घेतल्यास स्रोतांची बेरीज +40 व्होल्ट असते; cos500t मुळे −40 येते, तर योग्य उत्तरातून 28.8 + 11.2 = 40.

हे उत्तर स्थिर अवस्थेचे आहे. स्विच लावल्यावर येणारा क्षणिक घटक L/R, म्हणजे सुमारे 2.67 मिलिसेकंद, या कालस्थिरांकाने विरतो. दोन्ही स्रोतांची वारंवारता वेगळी असती, तर मात्र त्यांचे फेझर असे एकत्र मिळवता आले नसते.