फरकाला आधी दोनने भागा, मग नऊने

"बँक रिकन्सिलिएशनमध्ये सगळे चेक टिक केले, बँक चार्जेसही टाकले, तरी स्टेटमेंट आणि लेजरमध्ये ५,४०० चा फरक राहतोय. कुठे शोधू?"

आधी निम्मे करा. २,७०० ची एखादी एंट्री दिसते का? जमेची रक्कम चुकून नावे पडली की फरक दुप्पट येतो. तशी नसेल तर नऊने भागा. ५,४०० ला पूर्ण भाग जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल असू शकते: स्टेटमेंटला ८,२०० आणि लेजरला २,८००, असं काहीतरी. (भाग गेला म्हणजे अदलाबदल असेलच असं नाही, पण शोध खूप आटोपतो.) तेही नसेल तर मागच्या महिन्याचं रिकन्सिलिएशन काढा. तेव्हा न वटलेले चेक या महिन्याच्या स्टेटमेंटला दिसतात, लेजरला मात्र आधीच्याच तारखेला असतात. नवखे तिथेच हमखास अडकतात. फरक सस्पेन्स खात्याला टाकून मोकळे तेवढे होऊ नका.