जर्सी सिटीत सोसायटीची साइट हळू का उघडते? (ग्रुपवरची चर्चा)

सी-५०२ (जर्सी सिटीहून): सचिव काका, सभेची सूचना आणि छत दुरुस्तीचे फोटो बघायला साइट उघडली. फोटो एकेक करून खूप सावकाश येतात. माझं इंटरनेट ३०० एमबीपीएस आहे, इथल्या बाकी साइट्स लगेच उघडतात.

सचिव: अहो, इथे माझ्या मोबाइलवर तर पटकन उघडते. सर्व्हर मुंबईतच आहे. मोठा प्लॅन घ्यायचा का?

ए-३०३: काका, मोठ्या प्लॅनने हे सुटणार नाही. मी नेटवर्किंगमध्येच काम करते म्हणून सांगते, अडचण अंतराची आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात २०० धरा.

सी-५०२: २०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्याने काय बिघडतं?

ए-३०३: एकाच फेरीत भागत नाही ना दादा. आधी ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी जोडणी करतात, ती एक फेरी. मग https चं कुलूप ठरतं, नव्या पद्धतीत आणखी एक. त्यानंतर फोटो मागायचा. तोही सर्व्हर सगळा एकदम पाठवत नाही. वाटेतली लाइन किती सोसेल हे त्याला माहीत नसतं, म्हणून पहिल्यांदा साधारण १४ केबी पाठवतो. ते पोचल्याची पोच आली की २८, मग ५६, ११२, २२४. ४०० केबीच्या फोटोला अशा पाच फेऱ्या. आधीच्या दोन धरून सात, म्हणजे सुमारे १.४ सेकंद. तुमच्या ३०० एमबीपीएसवर तेवढा डेटा वाहून यायला खरं तर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. बाकी सगळा वेळ वाट बघण्यात जातो.

बी-१०४: मग सर्व्हर अमेरिकेत हलवला तर आपण सगळे अडकू 🙏

ए-३०३: हो काकू, म्हणून सर्व्हर हलवायचा नाही, फायलींच्या प्रती जागोजागी ठेवायच्या. सीडीएन नावाची सेवा तेच करते. त्यांची केंद्रं जगभरच्या शहरांत असतात आणि साइटचा पत्ता विचारला की माणूस जवळच्या केंद्राकडे जातो. दादांना न्यूअर्कचं केंद्र मिळालं आणि फेरी १० मिलिसेकंदांची झाली, तर त्याच सात फेऱ्या ७० मिलिसेकंदांत होतील.

सी-५०२: पण फोटो न्यूअर्कला आधी पोचणार कसा?

ए-३०३: पहिला माणूस मागेल तेव्हा ते केंद्र मुंबईहून आणून ठेवतं. त्या पहिल्या माणसाला वेळ लागतोच. आपली साइट लहान, तिकडून बघणारे मोजके. बरेच दिवस कुणी मागितलं नाही तर केंद्र ती प्रत काढूनही टाकतं, मग पुन्हा मुंबई गाठावी लागते. तरीही थोडा फायदा उरतो. जोडणी आणि कुलुपाच्या फेऱ्या न्यूअर्कपर्यंतच होतात, आणि पुढे मुंबईकडची जोडणी केंद्राने आधीच उघडी ठेवलेली असू शकते.

सचिव: चालू केल्यावर नीट चाललंय हे कळणार कसं?

ए-३०३: क्लाउडफ्लेअर कंपनीचं सीडीएन घेतलं तर दादांनी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये, नेटवर्क टॅबमध्ये फोटोवर क्लिक करावं. असं काही दिसेल:

```
cf-cache-status: HIT
age: 1840
cf-ray: 8c1f0a2b3d4e5f60-EWR
```

`HIT` म्हणजे प्रत तिथलीच, `MISS` म्हणजे मुंबईहून आणली. `age` म्हणजे प्रत किती सेकंद जुनी. शेवटचं `EWR` हे न्यूअर्क विमानतळाचं चिन्ह. तिथे `BOM` दिसलं तर इतक्या लांबून मुंबईचंच केंद्र मिळतंय, वाट चुकलीय.

बी-१०४: आपली मेंटेनन्सची बिलं पण तिकडे साठवणार का? एकाचं बिल दुसऱ्याला दिसायला नको.

ए-३०३: अगदी बरोबर शंका आहे काकू. साधारणपणे ते फोटो, पीडीएफ, सीएसएस अशा फायलीच साठवतात, पानं नाही. पण वेग वाढवायला कुणी "सगळं साठवा" असा नियम लावला, तर लॉगिननंतरचं पानही साठू शकतं आणि पुढच्याला दिसू शकतं. म्हणून `/member` खालचं काहीही साठवायचं नाही, हा नियम मी आधी लावेन. शिवाय सर्व्हरवरून त्या पानांना `Cache-Control: private, no-store` जाईल.

सचिव: आणि मी सूचनेत तारीख बदलली तर?

ए-३०३: तुम्ही `notice.pdf` याच नावाने नवी फाइल चढवली, तर मुदत संपेपर्यंत लोकांना जुनी तारीख दिसत राहील. सीडीएनवर ती प्रत पुसता येते, पण ज्याने आधी उघडली त्याच्या ब्राउझरमधली प्रत आपल्या हातात नाही. त्यापेक्षा दर वेळी नाव बदला.

सचिव: बरं. आजची सूचना `notice-2.pdf` नावाने टाकतो आणि पानावरची लिंक बदलतो. नियम लावलास की ग्रुपवर सांग.

सी-५०२: मी इथून `EWR` येतंय का ते बघून स्क्रीनशॉट टाकतो.